पोर्टिंगची विनंती फेटाळली गेल्यावर कंपनीला लिहायचे पत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी बसलो असताना मोबाइलच्या बिलांचे आणि नंबर पोर्ट करण्याचे प्रश्न घेऊन लोक येतात. त्यांतला बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: कंपनी बदलायची आहे, विनंती फेटाळल्याचा संदेश आला आहे, आता कंपनीला काय लिहायचे? खालील उत्तरे मुख्यतः पोस्टपेड ग्राहकांसाठी आहेत, कारण पत्र लिहिण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते.

विनंती फेटाळली गेली म्हणजे नेमके कोणत्या टप्प्यावर अडली, हे कसे ओळखावे?

पोर्टिंगचे दोन टप्पे असतात. आधी आपण १९०० या क्रमांकावर पुढील संदेश पाठवतो. त्यात PORT या शब्दानंतर एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर लिहायचा असतो.

```
PORT 98XXXXXXXX
```

सगळे ठीक असेल तर उत्तरात आठ अक्षरांचा युनिक पोर्टिंग कोड येतो. दुसऱ्या टप्प्यात तो कोड घेऊन आपण नव्या कंपनीच्या दुकानात जातो, ओळखीची कागदपत्रे देतो आणि अर्ज भरला जातो.

कोडच आला नाही आणि त्याऐवजी नकाराचा संदेश आला, तर अडचण पहिल्या टप्प्यावर आहे. याचा अर्थ तुमच्या जुन्या कंपनीच्या नोंदीत काहीतरी आडवे आले आहे आणि पत्र जुन्या कंपनीलाच लिहायचे आहे. कोड मिळाला होता, नव्या कंपनीकडे अर्जही झाला आणि त्यानंतर नकार आला, तर कारण बहुधा वेगळे असते: कोडची मुदत संपलेली असते, नाहीतर दुकानातल्या माणसाने कोड किंवा नंबर टंकताना एखादे अक्षर चुकवलेले असते. तेव्हा जुन्या कंपनीला पत्र लिहून काही साधत नाही. नव्या कंपनीच्या दुकानात अर्जाची प्रत मागावी, त्यावरचा कोड आणि आपल्या संदेशातला कोड शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून पाहावे. इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत मी स्वतः दोनदा पाहिली आहे.

नकाराचा संदेश पुसून टाकू नये. त्याचा स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असा घ्यावा, कारण पुढचे संपूर्ण पत्र त्या एका संदेशावर उभे राहते.

कंपनी कोणत्या कारणांसाठी कोड नाकारू शकते?

ही कारणे कंपनीच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मोबाइल नंबर पोर्टेबिलिटीचे नियम २००९ सालचे आहेत आणि त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. आजची पद्धत १६ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. नियमांत दिलेली कारणे साध्या शब्दांत अशी आहेत. सध्याच्या कंपनीकडे नंबर सुरू होऊन, किंवा आधीचे पोर्टिंग होऊन, ९० दिवस झालेले नसतील. पोस्टपेड ग्राहकाच्या नेहमीच्या बिलचक्रानुसार निघालेल्या बिलाची रक्कम बाकी असेल. कंपनीशी केलेल्या करारातून बाहेर पडण्याच्या अटी पूर्ण झालेल्या नसतील. नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज चालू असेल. नंबरविषयी प्रकरण न्यायालयात असेल किंवा न्यायालयाने पोर्टिंगला मनाई केली असेल. १ जुलै २०२४ पासून आणखी एक कारण जोडले गेले: हरवलेल्या किंवा बंद पडलेल्या सिमच्या जागी नवे सिम घेतल्यास त्या दिवसापासून सात दिवस कोड मिळत नाही.

या शेवटच्या नियमामागे चोरीचा धोका आहे. दुसऱ्याच्या नंबरचे नवे सिम फसवून काढायचे, लगेच तो नंबर पोर्ट करायचा आणि बँकेचे ओटीपी आपल्याकडे वळवायचे, असे प्रकार होत असल्यामुळे हे सात दिवस ठेवले आहेत. त्यामुळे त्यातून सूट मागण्यात वेळ घालवू नये.

मग कंपनी मला नवा कोड पत्राने का देत नाही?

सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे आणि त्यामुळे पुष्कळ पत्रे वाया जातात. कोड तुमची कंपनी तयार करत नाही. २०१९ च्या बदलानंतर तो कोड पोर्टिंगचे काम पाहणारी स्वतंत्र परवानाधारक संस्था तयार करते. देशाचे यासाठी दोन विभाग केलेले असून मुंबई आणि महाराष्ट्र एकाच विभागात येतात. तुमचा संदेश १९०० वर गेला की ही संस्था तुमच्या सध्याच्या कंपनीच्या संगणकाला वर सांगितलेले प्रश्न त्याच क्षणी विचारते. सगळी उत्तरे अनुकूल आली तरच कोड निघतो. एकही उत्तर प्रतिकूल आले तर नकाराचा संदेश येतो.

म्हणून ‘मला ताबडतोब नवीन पोर्टिंग कोड द्यावा’ एवढेच लिहिलेले पत्र कंपनीच्या टेबलावर पडून राहते, कारण ज्याच्या हातात ते पत्र पडते त्याच्या हातात कोड नसतो. त्याच्या हातात तुमच्या खात्याची नोंद असते. तेव्हा मागणी नोंदीविषयी करायची: कोणत्या नोंदीमुळे नकार गेला ते लेखी सांगा, नोंद चुकीची असेल तर दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख कळवा, नोंद बरोबर असेल तर मी काय पूर्ण करायचे ते रकमेसह आणि तारखेसह सांगा, म्हणजे मी नव्याने १९०० वर संदेश पाठवून कोड घेईन. पत्राच्या विषयात ‘नवा पोर्टिंग कोड’ हे शब्द जरूर असावेत, म्हणजे पत्र योग्य विभागाकडे जाते. पण मजकुरातली मागणी वर सांगितल्याप्रमाणे असावी.

पत्राआधी काय करून ठेवावे?

आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला, म्हणजे बहुतेक ठिकाणी १९८ ला, फोन करून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. पुढे अपिलापर्यंत जावे लागले तर सुरुवात या क्रमांकापासून होते. नुसते ‘मी चार वेळा फोन केला’ हे वाक्य कुठेही धरले जात नाही.

शेवटच्या दोन बिलांच्या प्रती उघडून ठेवाव्यात, एकाच्या नव्हे. बिलावर ‘मागील थकबाकी’, ‘या महिन्याचे शुल्क’ आणि ‘विलंब शुल्क’ अशी वेगवेगळी घरे असतात, आणि अडलेली रक्कम पुष्कळदा तिसऱ्या घरात सापडते. भरणा केल्याची पावती यूपीआय अ‍ॅपमधून काढावी आणि तिच्यावरचा व्यवहार क्रमांक वेगळा लिहून ठेवावा.

पत्राचा नमुना मिळेल का?

खालचा मजकूर आम्ही प्रत्यक्ष वापरतो. तो मराठीत पाठवायला हरकत नाही. पत्र कंपनीच्या तक्रारीच्या ई-मेलवर पाठवावे आणि हवे असल्यास तीच प्रत कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या दुकानात, देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्यावी.

प्रति,
तक्रार केंद्र, (कंपनीचे नाव),
मुंबई सेवाक्षेत्र.

विषय : मोबाइल क्रमांक (दहा अंकी) ची पोर्टिंग विनंती फेटाळल्याचे कारण कळवणे व नवा पोर्टिंग कोड मिळण्यातील अडथळा दूर करणे.
संदर्भ : तक्रार क्रमांक (क्रमांक), दिनांक (तारीख).

महोदय / महोदया,

वरील पोस्टपेड क्रमांक माझ्या नावावर नोंदलेला असून माझा ग्राहक खाते क्रमांक (क्रमांक) आहे. दिनांक (तारीख) रोजी (वेळ) वाजता मी १९०० या क्रमांकावर पोर्टिंग कोडची विनंती पाठवली. त्यावर ‘(संदेशातील शब्द जसेच्या तसे)’ असे उत्तर आले. त्या संदेशाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

माझ्या माहितीप्रमाणे दिनांक (तारीख) च्या बिल क्रमांक (क्रमांक) ची रु. (रक्कम) ही रक्कम मी दिनांक (तारीख) रोजी भरली असून व्यवहार क्रमांक (क्रमांक) आहे. पावती सोबत आहे.

तरी आपण पुढील बाबी लेखी कळवाव्यात, ही विनंती. पहिली, माझी विनंती मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी नियमांतील कोणत्या अटीमुळे फेटाळली गेली. दुसरी, कारण थकबाकीचे असल्यास ती कोणत्या बिलाची, कोणत्या तारखेची व किती रुपये आणि पैसे आहे. तिसरी, ती नोंद चुकीची असल्यास ती दुरुस्त केल्याची तारीख. चौथी, नोंद बरोबर असल्यास मी काय पूर्ण केल्यावर व कोणत्या तारखेपासून नव्या कोडसाठी विनंती पाठवू शकेन.

या पत्राचे उत्तर माझ्या (ई-मेल) या पत्त्यावर द्यावे आणि तोपर्यंत माझी चालू सेवा खंडित करू नये.

आपला / आपली,
(नाव व सही, दिनांक)

पत्रात आधारची प्रत जोडू नये. कंपनीकडे तुमची ओळख आधीच नोंदलेली आहे. आधी एखादा कोड आलेला असेल आणि त्याची मुदत चालू असेल, तर तोही पत्रात लिहू नये. तो कोड म्हणजे तुमच्या नंबरची किल्ली आहे, आणि फोनवर कोणीही, अगदी कंपनीचे नाव सांगून मागितला तरी, देऊ नये.

‘थकबाकी आहे’ असे उत्तर आले, पण ॲपमध्ये शून्य बाकी दिसते. असे कसे होते?

आमच्याच इमारतीतल्या एका काकूंचे प्रकरण सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र आले होते. त्यांचा पोस्टपेड प्लॅन ४९९ रुपयांचा. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून महिन्याचे बिल ५८८ रुपये ८२ पैसे. त्यांच्या मुलाने यूपीआयवर दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप भरली जाईल अशी सोय करून दिली होती. जूनमध्ये काही कारणाने ती रक्कम दोन दिवस उशिरा गेली. ५ जुलैच्या बिलात त्यामुळे १०० रुपये विलंब शुल्क आणि त्यावरचा १८ रुपये कर जोडला गेला, म्हणजे बिल ७०६ रुपये ८२ पैसे झाले. आपोआप गेलेली रक्कम मात्र नेहमीचीच, ५८८ रुपये ८२ पैसे. राहिले ११८ रुपये.

१२ जुलैला काकूंनी १९०० वर संदेश पाठवला आणि नकार आला. त्यात थकबाकीचा उल्लेख होता. त्यांनी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने त्यांना सांगितले की या महिन्याची रक्कम जमा दिसते आहे, काळजी करू नका. त्याने पाहिले ते बरोबर होते, कारण भरणा झाला होता. पण तो पूर्ण होता का, हे त्याने पाहिले नाही. १४ जुलैला त्या कंपनीच्या गॅलरीत गेल्या. घरात नेटवर्क जाते अशीही त्यांची तक्रार असल्यामुळे तिथल्या मुलाने जुने सिम खराब झाले आहे असे सांगून नवे सिम दिले. काकू समाधानाने घरी आल्या. १६ जुलैला पुन्हा संदेश पाठवला, पुन्हा नकार आला. आता सिम बदलल्याचे कारण जोडले गेले होते आणि जुने कारणही जागेवरच होते. दोन कारणे एकमेकांत गुंतल्यामुळे तोंडी बोलून काहीच उलगडेना.

१७ जुलैला आम्ही वरचे पत्र पाठवले. दुसरी बाब, म्हणजे ‘कोणत्या बिलाची, किती रुपये आणि पैसे’ हे वाक्य मुद्दाम घातले होते. २१ जुलैला ई-मेलने उत्तर आले आणि त्यात दोन्ही गोष्टी स्पष्ट होत्या: ५ जुलैच्या बिलावर ११८ रुपये बाकी आहेत, आणि १४ जुलैला सिम बदलल्यामुळे सात दिवसांची मुदत चालू आहे. काकूंनी त्याच संध्याकाळी ११८ रुपये भरले. २२ तारखेला सकाळी संदेश पाठवल्यावर काही क्षणांत कोड आला. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी ती आठ अक्षरे मला मोठ्याने वाचून दाखवली आणि मी त्यांना तिथेच थांबवले, कारण दार उघडे होते आणि जिन्यात माणसे होती.

कंपनीची नोंद या प्रकरणात चुकीची नव्हती. बाकी खरी होती आणि सात दिवसही खरे होते. पण ‘थकबाकी’ हा एकच शब्द सांगून रक्कम न सांगितल्यामुळे सत्तर वर्षांच्या बाईला दहा दिवस फेऱ्या माराव्या लागल्या, आणि ते टाळता आले असते. ॲपमधला शून्य पुष्कळदा ‘आज भरायची रक्कम नाही’ एवढेच सांगतो. खात्याचे तपशीलवार विवरण उघडल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

विलंब शुल्क मला मान्य नाही. तरी ते भरावे का?

पोर्टिंग लवकर हवे असेल तर भरावे आणि त्याच दिवशी वेगळ्या तक्रारीने ते परत मागावे. भरताना ‘आक्षेप राखून भरत आहे’ असे त्या दुसऱ्या तक्रारीत लिहावे. दोन्ही वाद एकाच पत्रात घालू नयेत. शुल्क माफ करण्याचा निर्णय बिलांच्या विभागाकडे असतो आणि त्याला दिवस लागतात. पोर्टिंगचा अडथळा मात्र रक्कम जमा होऊन नोंद झाली की दूर होतो. रक्कम मोठी असेल, समजा परदेशी रोमिंगची काही हजारांची असेल आणि तुम्हाला ती मुळातच मान्य नसेल, तर आधी बिलाचा वाद मिटवणे शहाणपणाचे आहे, कारण भरलेले पैसे परत मिळवणे हे न भरलेल्या पैशांचा वाद मिटवण्यापेक्षा नेहमी अवघड असते.

अजून बिल न निघालेल्या दिवसांचे पैसे आधी भरावे लागतात का?

नाही. अट निघालेल्या बिलाची आहे. गेल्या बिलानंतर आजपर्यंत झालेल्या वापराची रक्कम बाकी आहे, हे कोड नाकारण्याचे कारण होत नाही. गॅलरीत कोणी तसे सांगितले, तर तेच वाक्य पत्रातल्या चौथ्या बाबीच्या उत्तरात लिहून द्यायला सांगावे. पण पोर्टिंग झाल्यावर जुनी कंपनी शेवटचे बिल पाठवते आणि ते भरावेच लागते. ते राहिले तर जुन्या कंपनीच्या मागणीवरून नव्या कंपनीकडचा नंबरसुद्धा बंद होऊ शकतो. म्हणून जुना ई-मेल पत्ता चालू ठेवावा आणि आपोआप भरण्याची सोय शेवटचे बिल आल्यावरच काढावी.

नंबर वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर आहे. पत्र कोणी लिहायचे?

ज्याच्या नावावर नंबर नोंदला आहे, त्यानेच. मुलगा मजकूर तयार करून देऊ शकतो, पण नाव आणि सही वडिलांची असावी आणि ई-मेल शक्यतो त्यांच्या नोंदलेल्या पत्त्यावरून जावा. वडील हयात नसतील तर आधी नंबर वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि तो अर्ज चालू असेपर्यंत पोर्टिंग अडते. नावबदल पूर्ण झाल्याचे लेखी उत्तर येईपर्यंत १९०० वर संदेश पाठवू नये. नुसते नकार साठत जातात आणि घरची माणसे आधीच दुःखात असताना त्या नकारांचा त्रास होतो.

महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कार्यालयाने दिलेला नंबर असेल तर तो कर्मचाऱ्याचा नसतो. कार्यालयाच्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचे अधिकारपत्र लागते आणि पत्रही त्यांनीच लिहावे.

माझा नंबर नाशिकचा आहे, राहतो ठाण्यात. याने काही फरक पडतो का?

नकाराच्या कारणांत फरक पडत नाही, दिवसांत पडतो. दूरसंचार सेवाक्षेत्रांच्या विभागणीत ठाणे आणि नवी मुंबई मुंबई सेवाक्षेत्रात येतात, तर नाशिक महाराष्ट्र सेवाक्षेत्रात. एकाच सेवाक्षेत्रातले पोर्टिंग तीन कामकाजाच्या दिवसांत, तर एका सेवाक्षेत्रातून दुसऱ्यात पाच कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवे. आपल्याकडे राहणारे कितीतरी लोक गावाहून आणलेला नंबर वापरतात आणि चौथ्या दिवशी नंबर बदलला नाही म्हणून नकार समजून पत्र लिहितात. नकाराचा संदेश आलेला नसेल तर पाच कामकाजाचे दिवस, रविवार आणि सुट्ट्या सोडून, मोजावेत. पत्र लिहायचे झाल्यास प्रति या ओळीत नाशिकचा नंबर असल्यास ‘महाराष्ट्र सेवाक्षेत्र’ असे लिहावे.

प्रीपेड ग्राहकाला हे पत्र लागते का?

क्वचित. प्रीपेडला निघालेले बिल नसते, त्यामुळे थकबाकीचे कारणच येत नाही. उरतात ९० दिवस, सिम बदलल्याचे सात दिवस आणि नावबदल. रिचार्जमध्ये एसएमएस नसल्यामुळे १९०० ला संदेशच जात नाही अशी अडचण आली, तर डिसेंबर २०२१ मधला ट्रायचा आदेश उपयोगी आहे: रिचार्जची रक्कम कितीही असली तरी पोर्टिंगचा संदेश पाठवण्याची सोय ग्राहकाला मिळालीच पाहिजे. तेवढीच एक ओळ तक्रारीत लिहावी. शिल्लक रक्कम मात्र नव्या कंपनीकडे येत नाही.

पत्राला उत्तरच आले नाही, किंवा उत्तरात पुन्हा फक्त ‘थकबाकी’ असे लिहिले. पुढे काय?

त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करावे. तक्रारीचा निकाल लागल्यापासून, किंवा निकालाची मुदत संपल्यापासून, ३० दिवसांच्या आत ते करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निर्णय व्हायला हवा. अपिलात नवी कहाणी लिहू नये. तक्रार क्रमांक, पत्राची तारीख, चार बाबींपैकी कोणती अनुत्तरित राहिली, एवढे पुरते. प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचे आणि अपील प्राधिकरणाचे पत्ते ट्रायच्या tccms.trai.gov.in या संकेतस्थळावर मिळतात.

ट्राय स्वतः एका ग्राहकाची वैयक्तिक तक्रार सोडवत नाही, हे लक्षात घेतले की तिकडे पत्रे पाठवून होणारी निराशा टळते. चुकीच्या कारणाने पोर्टिंग नाकारल्यास कंपनीवर प्रत्येक प्रकरणी दहा हजार रुपयांपर्यंत आर्थिक भार लावण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती रक्कम ग्राहकाला मिळत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. दूरसंचार सेवेबाबतची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. अनेकदा कंपनीचा पहिला नीट वाचलेला प्रतिसाद तिथून येतो.

नवा कोड आला. आता किती वेळ आहे?

आपल्या सेवाक्षेत्रात कोड चार दिवस चालतो आणि त्याची मुदत संदेशात लिहिलेली असते. म्हणून संदेश पाठवण्याआधीच नव्या कंपनीचे दुकान, त्याची वेळ आणि लागणारी कागदपत्रे ठरवून ठेवावीत. शनिवारी रात्री कोड घेऊन सोमवारपर्यंत थांबणाऱ्यांचे दोन दिवस तसेच जातात. अर्ज झाल्यावर मन बदलले तर २४ तासांच्या आत १९०० वर पुढील संदेश पाठवून विनंती मागे घेता येते.

```
CANCEL 98XXXXXXXX
```

अर्ज केल्यापासून नंबर प्रत्यक्ष बदलेपर्यंत जुने सिम फोनमध्येच ठेवावे. काकूंनी २३ जुलैला वाशीच्या दुकानात अर्ज केला आणि २६ तारखेला सकाळी त्यांच्या फोनवरचे जुने नेटवर्क गेले. तेव्हा त्यांनी नवे सिम घातले, फोन एकदा बंद करून सुरू केला आणि पहिला फोन पुण्याच्या मुलीला लावला. जुन्या कंपनीचे शेवटचे बिल ऑगस्टमध्ये आले आणि या वेळी त्यांनी रक्कम पैशांसकट पाहून हाताने भरली.